रिटचिंगआधी हिस्टोग्राम : चेहऱ्याचे एक्स्पोजर कसे तपासावे

हिस्टोग्राम म्हणजे फोटोतल्या उजेडाची मोजदाद. आडव्या रेषेवर डाव्या टोकाला 0, म्हणजे निखळ काळे आणि उजव्या टोकाला 255, म्हणजे निखळ पांढरे. मधल्या प्रत्येक पायरीवर जितके पिक्सेल असतील तितका आलेख तिथे उंच होतो. कोणता पिक्सेल फोटोत कुठे आहे, तो गालाचा आहे की पडद्याचा, हे आलेखाला ठाऊक नसते. पोर्ट्रेटच्या बाबतीत बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. आलेख सगळ्या चौकटीचा असतो आणि रिटच करणाऱ्याला हवी असते ती फक्त त्वचेची खबर.

एक्स्पोजर रिटचिंगच्या आधी ठरवायचे, यामागचे कारण साधे आहे. डाग काढणे, उजळ-गडद भाग समतोल करणे, त्वचेचा पोत आणि रंग वेगळे करून काम करणे ही सगळी कामे त्या क्षणी पडद्यावर दिसणाऱ्या उजेडावर बेतलेली असतात. तासभर काम केल्यावर संपूर्ण फोटो अर्धा स्टॉप वर-खाली केला, तर आधी न दिसलेली ठिगळे दिसू लागतात. नुसत्या डोळ्यावर विसंबता येत नाही, कारण मॉनिटरची चमक वाढवलेली असेल तर बरा फोटोही जास्त उजळ वाटतो आणि अंधाऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला तोच फोटो भडक दिसतो. आलेखातला आकडा मात्र खोलीप्रमाणे बदलत नाही.

आलेख कसा फसवतो ते पाहायला संक्रांतीच्या फोटोइतके चांगले उदाहरण नाही. नव्या सुनेची पहिली संक्रांत, अंगावर काळी चंद्रकळा, गळ्यात, हातात आणि कपाळावर पांढऱ्या हलव्याचे दागिने, मागे गडद पडदा. समजा चेहरा गव्हाळ आहे, डावीकडून सॉफ्टबॉक्सचा प्रकाश येतो आहे आणि फोटो 6000 गुणिले 4000 पिक्सेलचा, म्हणजे 2 कोटी 40 लाख पिक्सेलचा आहे. साडी आणि पडदा मिळून चौकटीचा फार मोठा भाग व्यापतात. चेहऱ्याची त्वचा जेमतेम 7 टक्के भरते, म्हणजे साधारण 17 लाख पिक्सेल.

या फोटोचा संपूर्ण आलेख डाव्या भिंतीला टेकलेला एक उंच सुळका दाखवतो. मधला भाग जवळजवळ सपाट असतो आणि अगदी उजवीकडे हलव्याची एक बारीक रेघ उभी राहते. चेहऱ्याचा उंचवटा असतो, पण त्या सुळक्यापुढे तो इतका बुटका की नजरेतच भरत नाही. असा आलेख पाहून बहुतेकांचा पहिला निष्कर्ष निघतो, फोटो काळपट आला आहे. मग Exposure पाऊण स्टॉप वर सरकते आणि चेहरा कामातून जातो. प्रत्यक्षात या फोटोत चेहरा आधीच जास्त उजळलेला असण्याची शक्यता अधिक. कॅमेरा आपोआप मोजमाप करत असेल, तर समोरच्या काळ्या साडीला तो मध्यम करड्या रंगाच्या दिशेने उचलू पाहतो आणि त्या ओढाताणीत गालही वर जातो.

म्हणून पहिले काम त्वचेचा वेगळा आलेख काढण्याचे. फोटोशॉपमध्ये Lasso ने गालाचा तुकडा निवडला आणि Window > Histogram उघडले, की तो आलेख फक्त निवडलेल्या भागाचा होतो. पॅनलच्या मेनूतून Expanded View घेतला की खाली Mean, Median आणि Std Dev हे आकडे दिसतात आणि वरच्या यादीतून Luminosity किंवा लाल, हिरवा, निळा यांपैकी हवा तो चॅनल निवडता येतो. पॅनलच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोणी इशारा दिसत असेल तर आलेख जुन्या, ढोबळ नमुन्यावरून काढलेला असतो. त्या इशाऱ्यावर क्लिक केल्यावर खरी मोजणी होते. लाइटरूममध्ये असा तुकडा निवडून आलेख मिळत नाही. तिथे गालावर कर्सर फिरवत आलेखाखालचे आकडे वाचावे लागतात आणि ते एरवी 255 च्या नव्हे, टक्क्यांच्या मापात येतात.

गालाचा कोणता तुकडा निवडायचा, याला मोठे महत्त्व आहे. चेहऱ्यावर उजेडाच्या तीन वेगळ्या वस्त्या असतात. नाकाचा शेंडा, कपाळाचा मध्य, गालफडाचे टोक इथे दिव्याची थेट चमक असते. ती त्वचेची नसून तेलाची किंवा घामाची असते. तिचा आकडा 240 च्या पुढे गेला तरी त्यावरून एक्स्पोजर ठरवायचे नसते. दुसरी वस्ती उजेडाकडच्या गालाची, जिथे चमक नाही पण प्रकाश पूर्ण पोहोचतो. एक्स्पोजरचा निकाल इथे लागतो. तिसरी वस्ती सावलीकडच्या बाजूची. ती किती गडद असावी, हे प्रकाशरचना करणाऱ्याने ठरवलेले असते. तो भाग काळसर आहे म्हणून फोटो कमी उजळ ठरत नाही.

संपूर्ण चेहरा एकदम निवडला तर या तिन्ही वस्त्या एकत्र मोजल्या जातात. एका बाजूने प्रकाश दिलेल्या चेहऱ्याच्या आलेखात मग दोन उंचवटे दिसतात, एक उजेडाचा आणि एक सावलीचा. Mean त्या दोघांच्या मधल्या दरीत पडते, म्हणजे चेहऱ्यावर जो उजेड फारसा कुठेच नाही नेमका तोच आकडा ते सांगते. Std Dev मोठे आले की हा प्रकार ओळखावा. गालाच्या स्वच्छ, एकसारख्या तुकड्यात ते लहान असते आणि Mean व Median जवळजवळ सारखे येतात. मोजमापापुरता हा ताळा पुरेसा आहे.

उदाहरणातल्या फोटोत उजेडाकडच्या गालावर हे आकडे मिळाले, असे धरू : लाल 221, हिरवा 162, निळा 131 आणि Luminosity 176. त्वचा गोरी असो वा काळी, सरळ पांढऱ्या प्रकाशात तिचा लाल चॅनल सर्वांत वर, हिरवा मध्ये आणि निळा सर्वांत खाली असतो. Luminosity हे तिन्हींचे वजनदार मिश्रण आहे. त्यात हिरव्याचा वाटा साधारण 59 टक्के, लालचा 30 आणि निळ्याचा 11. म्हणजे त्वचेत जो चॅनल सर्वांत आधी फुटतो, त्याचा आवाज या मिश्रणात तिसरा हिस्साही नाही.

याचा परिणाम त्याच फोटोत Exposure 0.7 ने वाढवून पाहता येतो. हिरवा साधारण 201 वर जातो, निळा 163 च्या आसपास. लालला खरे तर 255 च्या पलीकडे जायचे असते, पण पुढे जागाच नसल्याने तो 255 वर अडकतो. Luminosity मात्र 213 दाखवते. नुसता तो आकडा पाहणाऱ्याला अजून पुष्कळ जागा शिल्लक आहे असे वाटते आणि गालावरचा लाल तपशील तोवर संपलेला असतो. लाल अडकला आणि हिरवा वर चढतच राहिला की रंगांचे प्रमाण बिघडते, गव्हाळ गाल पिवळट, मेणचट दिसू लागतो. हा पिवळेपणा व्हाइट बॅलन्सचा दोष समजून दुरुस्त करायला गेले की उरलेली त्वचा निळी-जांभळी पडते. कॅमेरा रॉ किंवा लाइटरूमच्या आलेखात वरच्या उजव्या कोपऱ्यातला त्रिकोण अशा वेळी लाल होतो. तीन चॅनल एकत्र फुटले तर तो पांढरा होतो. त्वचेच्या बाबतीत लाल त्रिकोणाची दखल पांढऱ्याच्या आधी घ्यावी.

आता प्रश्न राहतो तो 176 या आकड्याचा. तो बरा की जास्त? त्वचेकडे पाहून याचे उत्तर देता येत नाही, कारण त्वचेचा स्वतःचा रंग आणि तिच्यावर पडलेला उजेड हे दोन्ही त्या आकड्यात मिसळलेले आहेत. गोऱ्या चेहऱ्याला 176 कदाचित कमी असेल, सावळ्या चेहऱ्याला तो खूपच जास्त असेल. हे दोन वेगळे करायला तिसरी, ओळखीची वस्तू लागते. 18 टक्के प्रकाश परतवणारे करडे कार्ड त्यासाठीच असते. फोटोसत्राच्या सुरुवातीला बसलेल्या व्यक्तीने ते चेहऱ्याजवळ, दिव्याकडे तोंड करून धरलेला एक फोटो काढून ठेवला, तर पुढच्या सगळ्या फोटोंचा हिशेब त्यावरून लागतो. sRGB मापात या कार्डाचा आकडा 118 येतो. एक स्टॉप जास्त असेल तर 162, एक स्टॉप कमी असेल तर 85. सॉफ्टवेअरची ठरावीक प्रोफाइल मधले टोन थोडे उचलते, त्यामुळे आकडे दोन-चार पायऱ्यांनी हलतात. पण अर्ध्या स्टॉपची चूक त्यात लपत नाही.

संक्रांतीच्या फोटोत कार्डाचा आकडा 140 निघाला, असे समजू. याचा अर्थ फोटो साधारण अर्धा स्टॉप जास्त उजळला आहे. काळ्या साडीने कॅमेऱ्याला फसवले होते, ते इथे आकड्यात सापडते. Exposure ला -0.5 दिले की कार्ड 118 च्या जवळ येते. गालाचे आकडे मग लाल 187, हिरवा 136, निळा 110 आणि Luminosity 148 असे उतरतात. गव्हाळ त्वचेला उजेडाच्या बाजूने 140 ते 175 हा साधारण पट्टा मानायला हरकत नाही, 148 त्यात नीट बसते. आधीचे 176 देखील त्या पट्ट्याच्या काठावरच होते, म्हणजे केवळ पट्टा पाहिला असता तर चूक पकडली गेली नसती. संपूर्ण आलेख मात्र आता पहिल्यापेक्षाही जास्त डावीकडे झुकलेला दिसतो. काळ्या साडीच्या फोटोचा आलेख तसाच असायला हवा.

कार्ड नसेल तर चौकटीतच ओळखीचे काहीतरी शोधावे लागते. इथे हलवा उपयोगी पडतो. उजेडात असलेला पांढरा हलवा 255 च्या खाली, 235 ते 245 च्या आसपास असावा आणि त्याचे काटे सुटे दिसावेत. पहिल्या फोटोत दागिने नुसते पांढरे ठिपके दिसत होते आणि अर्धा स्टॉप उतरवल्यावर काटे उमटले, तर उतरवणे बरोबर होते याचा तो पुरावा. बुबुळाभोवतालचा डोळ्याचा पांढरा भाग मात्र या कामाचा नाही. पापणीच्या सावलीमुळे तो वाटतो त्यापेक्षा बराच करडा असतो, त्याला पांढरा धरून एक्स्पोजर वाढवले की चेहरा हमखास फुटतो.

त्वचेच्या रंगाबद्दल इथे थोडे थांबायला हवे. अन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत मध्यम करडा पाचव्या झोनवर असतो आणि युरोपीय गोरी त्वचा सहाव्या झोनवर, म्हणजे एक स्टॉप वर, धरली जाते. चेहरा करड्यापेक्षा एक स्टॉप उजळ ठेवावा, हा नियम तिथून आला आणि पुस्तकांतून, शिकवण्यांतून जसाच्या तसा फिरत राहिला. आपल्याकडच्या चेहऱ्यांना तो सरसकट लागू होत नाही. सावळ्या माणसाचा उजेडाकडचा गाल 100 ते 130 च्या दरम्यान, करड्या कार्डाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असू शकतो, आणि तो फोटो एक्स्पोजरच्या दृष्टीने अचूक असतो. अशा त्वचेवर दिव्याची चमक जास्त ठळक उठते. गाल 110 वर असताना कपाळाची चमक 235 वर असणे स्वाभाविक आहे. गालाला 180 पर्यंत ओढले तर ती चमक फुटते, पोत विरघळतो आणि माणूस ओळखू येईनासा होतो. लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्यांना एकाच गोऱ्या पातळीवर आणण्याची जी सवय पडली आहे, तिला एक्स्पोजरची दुरुस्ती म्हणता येणार नाही.

याच फोटोसत्रात गव्हाळ सुनेशेजारी सावळा नवरा उभा असेल, तर दोघांच्या गालांचे उंचवटे वेगवेगळ्या जागी येतील. दोघांवर सारखाच प्रकाश पडला असेल आणि कार्ड 118 वर असेल, तर तिचे 148 आणि त्याचे 108 हे दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर आहेत. उलट दोघांचा आकडा सारखा निघाला, तर प्रकाश असमान होता किंवा कुणीतरी आधीच हात फिरवला आहे, असा संशय घ्यावा. मेकअपचीही अशीच तपासणी करता येते. चेहऱ्याचा आणि मानेचा तुकडा वेगवेगळा मोजला आणि सारख्या प्रकाशात दोघांत वीस-पंचवीस पायऱ्यांचा फरक दिसला, तर तो फाउंडेशनचा असतो. तो एक्स्पोजरने नव्हे, नंतर मानेवर काम करून मिटवायचा. हळदीच्या फोटोत निळा चॅनल फार खाली बसतो, कधी कधी शून्याला टेकतो. हळद निळा प्रकाश शोषते, त्यामुळे डाव्या भिंतीला लागलेला तो निळा आलेख पाहून फोटो उजळण्याचे कारण नाही. तिथे लाल आणि हिरवा यांवरच निकाल द्यावा.

उजवीकडे फुटलेला आलेख खरोखर फुटला आहे की नुसता तसा दिसतो आहे, हे त्यानंतर तपासायचे. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉ फाइलचा नसतो. कॅमेरा आतल्या आत जो जेपेग बनवतो त्यावरून तो काढला जातो, म्हणून व्हाइट बॅलन्स आणि पिक्चर स्टाइल बदलली की तोही बदलतो. कॅमेऱ्यावर लाल फुटलेला दिसला तरी रॉमध्ये तो शाबूत असू शकतो. परीक्षा अशी : Exposure एक स्टॉप खाली घ्यायचे आणि आलेखाच्या उजव्या टोकाकडे पाहायचे. भिंतीला चिकटलेला सुळका सुटून त्याचा पसरट उतार झाला, तर तपशील शिल्लक होता. सुळका तसाच अरुंद राहून सबंधच्या सबंध डावीकडे सरकला, तर तिथे काहीच उरलेले नाही, पांढऱ्याच्या जागी आता सपाट करडा किंवा फिकट केशरी डाग आला आहे एवढेच. जेपेगमध्ये बहुधा दुसरा प्रकार दिसतो. रॉमध्ये सॉफ्टवेअर शाबूत राहिलेल्या चॅनलवरून हरवलेला चॅनल अंदाजाने भरते, त्यामुळे निकाल कधी कधी या दोघांच्या मधला येतो. अशा वेळी गाल 100 टक्के मोठा करून रोमरंध्रे दिसतात का, तेही पाहावे.

डाव्या बाजूची चूक वेगळ्या रीतीने बोलते. कमी उजळलेला चेहरा वर उचलता येतो, पण त्यात मुळात किती पायऱ्या होत्या यावर सगळे अवलंबून असते. 8 बिटच्या जेपेगमध्ये गालाचा एक भाग 60 ते 75 एवढ्यातच कोंबलेला असेल, तर त्याच्याकडे फक्त 16 पायऱ्या आहेत. तो 110 ते 140 पर्यंत ताणला की 31 पायऱ्यांची जागा भरायला 16 च पायऱ्या मिळतात आणि आलेखात एकाआड एक फटी पडून त्याची फणी होते. गालावरचा मऊ उतार तिथे पट्ट्यापट्ट्यांनी तुटतो आणि हीलिंग ब्रश ते पट्टे उचलून दुसरीकडे चिकटवतो. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये पायऱ्या 16,384 असल्याने फणी सहसा दिसत नाही, पण सावलीत नॉइज वर येतो. तो आधी कमी करून मगच पुढे जावे, कारण पोत वेगळा काढताना नॉइजलाच पोत समजले जाते.

तपासणी संपली की फोटो रॉमधून 16 बिटमध्ये उघडावा आणि गालाचा तोच तुकडा फोटोशॉपमध्ये पुन्हा एकदा मोजावा. लाइटरूम किंवा कॅमेरा रॉ विस्तृत रंगक्षेत्रात काम करते आणि फोटो sRGB मध्ये आला की तिथे मोकळा दिसणारा लाल चॅनल इथे भिंतीला टेकू शकतो, विशेषतः कुंकू, लिपस्टिक आणि पिवळ्या दिव्यातल्या गालावर. गालाचा लाल चॅनल चमक सोडून 240 च्या खाली असेल, तर रिटचिंगमध्ये उजळायला थोडी जागा उरते. तो 255 ला चिकटलेला असेल आणि एक स्टॉप उतरवूनही सुळका तसाच सरकत असेल, तर त्या फोटोवर काम सुरू न करता त्याच सत्रातला शेजारचा फोटो उघडून गाल मोजावा.